राखेचं पाणी

भातकापणी उरकली, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या, की जव्हार-मोखाड्याच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनाची कुजबुज सुरू होते. मग येतात ते नेहमीचे पाहुणे. खाण्याच्या सोड्याचा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, लिंबात खिळा-तार खुपसून केलेली वीज, जास्वंदीच्या फुलाचा दर्शक. यांत वाईट काही नाही. पण ज्वालामुखीला कोणी काही विचारत नाही. तो फसफसतो, टाळ्या पडतात, फडकं आणा म्हणून हाक होते.

साखरशेतची एक नववीतली मुलगी माझ्याकडे येते. तिला रसायनाचा नाद आहे, पण बाटलीतल्या नव्हे, घरातल्या. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो, ताकाच्या भांड्याला कल्हई का लागते, हे तिचे प्रश्न. "बाई, हळदीचाच प्रयोग करू का?" तिनं विचारलं. हळद आम्लात पिवळी राहते, आम्लारीत लालसर तपकिरी होते, हे शाळेच्या पुस्तकात छापलेलंच आहे. उत्तर आधीच ठाऊक असेल तर तो प्रयोग नव्हे, पाठांतर. मी म्हटलं, हळद असू दे, पण ती मोजमापाला ठेव. मोजायचं काय ते शोध.

ते चुलीतच सापडलं. तिची आजी भांडी राखेनं घासते, पण कुठलीही राख घेत नाही. सागाची नको, ऐनाची दे, असं तिचं असतं. शेतावरही राख आहेच. उन्हाळ्यात भाताच्या आणि नागलीच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, पालापाचोळा, डहाळ्या, शेण पसरून पेटवतात आणि त्या राखेवर पहिल्या पावसात बी पडतं. तेव्हा प्रश्न ठरला: कुठल्या लाकडाच्या राखेत विरघळणारा क्षार जास्त? साग, ऐन की पळस? याचं उत्तर मला माहीत नव्हतं, तिलाही नाही. विषय म्हणून मला तो तेवढ्यानंच आवडला.

राखेत पाण्यात विरघळणारा मुख्य आम्लारिधर्मी पदार्थ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. बाकीचा मोठा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचा, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून काम सोपं आहे. वाळलेली, चाळलेली राख 10 ग्रॅम घ्यायची, 100 मिली पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायची आणि सकाळी दुहेरी सुती कापडातून गाळायची. गाळ कापडावर, क्षार पाण्यात. हे पाणी बोटांना बुळबुळीत लागतं आणि डोळ्यात गेलं तर आग होते, म्हणून चष्मा लावायचा.

आता मोजणी. वाण्याकडच्या लिंबूसत्त्वाचा 1 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवायचा. हळद पाण्यात नीट उतरत नाही, म्हणून चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये भिजवून तिचे चार थेंब 10 मिली राखेच्या पाण्यात टाकायचे. रंग गडद विटकरी होतो. मग सुई काढलेल्या 5 मिलीच्या सिरिंजमधून लिंबूसत्त्वाचं पाणी थेंबथेंब सोडत ढवळत राहायचं आणि पिवळा रंग आला की थांबून किती लागलं ते वाचायचं. त्या पाण्याचा प्रत्येक मिली साधारण 20 मिलिग्रॅम पोटॅशियम कार्बोनेटची खबर देतो. समजा 4 मिली लागलं, तर 10 मिली राखेच्या पाण्यात 80 मिलिग्रॅम, 100 मिलीत 800 मिलिग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅम राखेत साधारण आठ टक्के.

या जागी एक गंमत लपलेली आहे, आणि मी ती मुद्दामच तिला आधी सांगितली नाही. पहिल्याच चाचणीत ती म्हणाली, "बाई, पिवळं झालं तरी बुडबुडे नाही आले. सोड्यात लिंबू पिळलं की येतात ना?" मी म्हटलं, अजून टाक. तिनं टाकलं, आणि पिवळ्या पाण्यात बारीक बुडबुडे धरू लागले. कार्बोनेट आम्लाला दोन टप्प्यांत भेटतं. आधी त्याचं बायकार्बोनेट होतं, त्याच सुमारास हळद पिवळी पडते. वायू मात्र त्यापुढच्या टप्प्यात सुटतो. हळद अर्ध्या वाटेवरची खूण सांगते. म्हणून पिवळं होण्याला "उदासीन झालं" असं तक्त्यावर लिहिलं, तर परीक्षकाला चूक दिसेल. ढवळायचा कंटाळा केला आणि थेंब पडला तिथेच आम्ल साचलं, तर बुडबुडे आधीच येतात आणि ही खूण हातची जाते.

घोटाळे राखेतच असतात. पावसात भिजलेल्या राखेतला क्षार आधीच वाहून गेलेला असतो. काळ्या, अर्धवट जळलेल्या राखेत कोळशाचं वजन असतं, म्हणून आकडा कमी दिसतो. अमेरिकेचं पहिलं पेटंट, 1790 सालचं, याच कामाचं आहे: सॅम्युएल हॉपकिन्स यांनी राख पाण्यात घालण्याआधी भट्टीत पुन्हा जाळायची पद्धत मांडली होती. आमच्याकडे भट्टी नाही, पण राख करडी-पांढरी होईपर्यंत वारंवार हलवत जाळता येते.

मोठी अडचण वेगळी निघाली. आजी ऐनाची म्हणते ती राखही निव्वळ ऐनाची नसते, कारण चुलीत कोणी एकाच झाडाचं लाकूड लावत नाही. मिळेल ते सरपण, वर गोवऱ्या. एकाच झाडाची राख हवी तर ती वेगळी जाळावी लागणार, आणि लाकडाची राख होते वजनाच्या शंभरात एक-दोन भाग, कधी अर्धाच. म्हणजे दहा ग्रॅम राखेसाठी किलोभर सुकं लाकूड, पत्र्यावर, वारा नसताना. प्रत्येक झाडाचं जळण निदान तीनदा व्हायला हवं, नाहीतर दोन झाडांतला फरक खरा की एकाच झाडाच्या दोन काटक्यांतला, ते कळणार नाही. मोळ्या आणायला मोठा भाऊ तयार झाला. राबाची राख मात्र यंदा सोडून द्यावी लागली, कारण राब उन्हाळ्यात भाजतात आणि प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मला त्याची थोडी हळहळ वाटली, तिला नाही.

ऐनाबद्दल मी तिला एक इशारा दिला. त्याच्या सालीत कॅल्शियम फार असतं. सालीच्या राखेचा चुना पानाबरोबर खाण्याची रीत जुनी आहे. तेव्हा आजीची आवडती राख विरघळणाऱ्या क्षारात मागे पडू शकते. कदाचित भांडी क्षारानं नव्हे, त्या बारीक खडूच्या घासण्यानं उजळत असतील. गाळण्यावर उरलेल्या चोथ्यावर लिंबूसत्त्वाचं पाणी टाकून कोणता जास्त फसफसतो, तेही पाहता येईल.

ती बराच वेळ वहीत काहीतरी खोडत बसली.

"मग बाई, लाकूड सालीसकट जाळायचं की सोलून?"

मी याचा विचारच केला नव्हता.

"दोन्ही," तीच म्हणाली. "म्हणजे तीनाचे सहा डबे. भावाला अजून मोळ्या सांगते."