रिकाम्या चौकटीचा अर्थ

बैठकीत पडद्यावर दिसणारा तक्ता माणसाच्या डोळ्यांसाठी केलेला असतो. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा दाखवणारी स्लाइड घ्या. पुण्यात पाण्याचा विषय निघाला की ती कुठे ना कुठे दिसतेच. डावीकडे ‘खडकवासला प्रकल्प’ ही एकच उभी चौकट चारही धरणांना कवेत घेते. वर ‘यंदा’ आणि ‘गतवर्षी याच दिवशी’ ही दोन रुंद शीर्षके आणि प्रत्येकाखाली साठा व टक्केवारी असे दोन रकाने. शेवटी ‘एकूण’. बघणाऱ्याला सगळे कळते. पण पाच वर्षांच्या अशा स्लाइडी एकाखाली एक लावून आलेख काढायचा म्हटले, की प्रत्येक चौकटीला विचारावे लागते, की तू नेमकी कशाची आहेस?

माझे काम हेच आहे, आणि त्यात सर्वाधिक वेळ आकड्यांवर जात नाही, रिकाम्या चौकटींवर जातो. तक्ता एक्सेलमध्ये चिकटवून जोडलेल्या चौकटी सुट्या केल्या की मजकूर फक्त पहिल्या चौकटीत उरतो आणि बाकीच्या रिकाम्या होतात. मग नेहमीची युक्ती करतात: रकाना निवडून F5, Special, Blanks, तिथे वरच्या चौकटीचा पत्ता देणारे `=A2` आणि Ctrl+Enter. सगळ्या रिकाम्या जागा वरच्या मजकुराने भरतात. ‘खडकवासला प्रकल्प’ चार ओळींत आला, छान झाले. पण हीच युक्ती साठ्याच्या रकान्यावर चालवली आणि तिथे टेमघरची चौकट मुळातच रिकामी असली, तर टेमघरला वरसगावचा साठा मिळतो. चूक कुठेही लाल होत नाही, आकडाही दिसायला अगदी खरा असतो.

म्हणून मी चौकटी सोडवण्याआधी थांबते. जोड दिसत असतानाच मूळ स्लाइड शेजारी ठेवून खरोखर रिकाम्या असलेल्या प्रत्येक चौकटीत ‘स्लाइडवर रिकामे’ लिहिते आणि मगच जोड सोडवते. जोडातली चौकट आणि खरोखर रिकामी चौकट यांतला भेद मूळ फाइलमध्ये स्वच्छ नोंदलेला असतो. pptx ही आतून झिप केलेली फाइल आहे; ती उलगडली तर ppt/slides या फोल्डरात प्रत्येक स्लाइडचा मजकूर सापडतो आणि जोडलेली उभी चौकट अशी दिसते:

```
<a:tc rowSpan="4"> … </a:tc>
<a:tc vMerge="1"> … </a:tc>
```

`vMerge` असलेली चौकट वरचीच आहे. ती खूण नसलेली आणि तरी रिकामी असलेली चौकट खरोखर रिकामी. आडव्या जोडासाठी `gridSpan` आणि `hMerge` असतात. शेकडो स्लाइडी असतील तर या खुणा वाचणारी छोटी आज्ञावलीच लिहावी. चार-पाच असतील तर डोळे पुरतात. मात्र स्लाइडवर तक्त्याचे चित्र चिकटवले असेल तर यातले काही हाती येत नाही. तिथे आकडे टंकून ‘एकूण’शी ताडून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

एक त्रास चिकटवतानाच होतो. शीर्षकात ‘उपयुक्त साठा’ आणि त्याखाली नव्या ओळीत एकक लिहिले असेल, तर एक्सेल अनेकदा त्याच्या दोन ओळी करते आणि शेजारच्या चौकटी स्वतःहून जोडते. मूळ तक्त्यात नसलेले जोड तयार होतात. त्यामुळे ओळींची संख्या स्लाइडशी जुळते का, हे मी सगळ्यात आधी पाहते.

आता एकक. आपल्याकडे धरणाचा साठा टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत सांगतात, तर कागदोपत्री तो दशलक्ष घनमीटरातही असतो, ज्याला दलघमी म्हणतात. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी. समजा, ‘यंदा’खाली टीएमसी लिहिले आहे, पण ‘गतवर्षी’चा रकाना दुसऱ्या कुणाच्या तक्त्यातून उचललेला आहे आणि त्याला एककच नाही. पानशेतपुढे १५०.८० आणि ५० टक्के. इथे टक्केवारी मदतीला येते: साठा भागिले टक्के गुणिले शंभर म्हणजे धरणाची उपयुक्त क्षमता. साठा B3 मध्ये आणि टक्के C3 मध्ये असतील, तर:

```
=B3/C3*100
```

उत्तर ३०१.६ येते. पानशेतची क्षमता १०.६५ टीएमसी, आणि ३०१.६ ला २८.३१७ ने भागले की नेमके तेच मिळते. म्हणजे हा रकाना दलघमीचा. हीच कसोटी चारही धरणांना लावावी: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, मिळून २९.१५ टीएमसी. एखाद्याच धरणाचे उत्तर भलते आले तर एकक बरोबर आहे, आकडा टंकताना चुकला आहे. मूळ आकडा आणि मूळ एकक मी कधीच पुसत नाही. रूपांतर शेजारच्या नव्या रकान्यात करते.

नावांचेही तसेच. एका स्लाइडवर पानशेत, दुसरीवर तानाजीसागर. एकीवर वरसगाव, दुसरीवर वीर बाजी पासलकर जलाशय. पुणेकराला ही तीच धरणे आहेत हे ठाऊक असते, एक्सेलला नसते. ते चारांची सहा धरणे करते. त्यासाठी वेगळ्या पानावर प्रत्येक प्रचलित नावासमोर एक ठरलेले नाव लिहून ठेवते. ‘एकूण’ची ओळ मात्र माहितीतून काढून टाकते, नाहीतर बेरीज करताना २९.१५ची क्षमता ५८.३० होते.

पण काढण्यापूर्वी तिच्याकडून एक काम करून घ्यायचे असते. टेमघरच्या रिकाम्या चौकटीचा अर्थ काय? नोंद नाही, की साठा शून्य? टेमघरबाबत दोन्ही शक्य आहे. गळतीच्या दुरुस्तीसाठी हे धरण रिकामे केले गेले, त्या काळात तिथला शून्य हा खराखुरा शून्य होता. समजा, यंदा खडकवासला १.२०, पानशेत ६.००, वरसगाव ७.२०, टेमघर रिकामे आणि एकूण १४.४०. बेरीज काहीच सांगत नाही, कारण रिकामी चौकट आणि शून्य दोन्ही धरून ती तेवढीच येते. टक्केवारी बोलते. एकूणपुढे ५६.६० असेल तर १४.४० ला २५.४४ ने, म्हणजे टेमघर वगळून उरलेल्या क्षमतेने भागले आहे. करणाऱ्याने टेमघर हिशेबातच घेतले नाही, तेव्हा चौकटीत ‘नोंद नाही’. पण ४९.४० असेल तर भाजक पूर्ण २९.१५ आहे. मग एक तर साठा खरोखर शून्य होता, किंवा सूत्राने रिकाम्या जागेला निमूट शून्य मानले. तक्त्यातून याच्या पलीकडे जाता येत नाही. इथे स्लाइड करणाऱ्याला फोन करावा लागतो, किंवा त्या दिवसाचा मूळ अहवाल शोधावा लागतो. त्यासाठी तारीख हवी, आणि स्लाइडवर बहुधा ‘आजअखेर’ एवढेच असते. फाइल शेवटची जतन केल्याची तारीख ही त्या ‘आज’ची तारीख असेलच असे नाही.

शेवटी हाती येतो तो एका धरणाची एका तारखेची एक ओळ असा तक्ता: धरण, दिनांक, साठा, मूळ एकक, साठा टीएमसीत, टक्के, शेरा. चार धरणे आणि दोन वर्षे म्हणजे आठ ओळी. रुंद शीर्षके गेली, जोड गेले. टेमघरच्या यंदाच्या ओळीत साठा रिकामा आहे आणि शेऱ्यात लिहिले आहे: ‘स्लाइडवर रिकामे, एकूण टक्केवारीत शून्य धरलेले, खात्री बाकी.’