किल्ली परत देतानाचे पत्र

किरायेदार वारला म्हणून किराया आपोआप थांबत नाही. साधी महिनेवारी किरायेदारी असेल तर ती वारसांकडे येते, आणि खोली सोडायची असल्यास तसे घरमालकाला त्यांनीच कळवावे लागते. वेगळे काही ठरलेले नसेल तर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार त्यासाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. घरमालक राजी असेल तर त्याआधीही ताबा देता येतो. लिव्ह अँड लायसन्सचा परवाना मात्र सहसा त्या माणसापुरताच असतो. तिथे करारातली कलमे आधी वाचावीत.

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे, एसटीचे आगार असलेले गाव. अशा गावात नोकरीसाठी एकटा राहणारा माणूस बोलीवरच खोली घेतो आणि त्याचे कुटुंब दुसरीकडे असते. त्याच्यामागे घरचे फोनवर सांगतात, “भाऊ, तेरवी झाली की येतो.” एवढ्यावर हिशेब बसत नाही, कारण वाद नेमका तारखेचा होतो. म्हणून किल्ली देताना पत्र लिहून द्यावे.

समजा, किराया महिना ४,००० रुपये आणि अनामत १०,००० रुपये आहे. किरायेदार १२ जूनला वारला, जूनचा किराया थकला आणि किल्ली ५ जुलैला दिली. जूनचे ४,०००, जुलैच्या पाच दिवसांचे सुमारे ६४५ आणि विजेचे ७२० असे ५,३६५ रुपये वजा जाऊन ४,६३५ रुपये परत मिळतात. विजेचे बिल मागाहून येते, म्हणून ताब्याच्या दिवशीचे मीटर रीडिंग दोघांनी मिळून पाहून पत्रातच लिहावे. पत्रात मृत्यूची तारीख, ताब्याची तारीख, किल्ल्यांची संख्या आणि हा हिशेब येतो. सोबत मृत्यू दाखल्याची प्रत जोडावी.

कपात बहुधा रंगाच्या नावाने होते. भिंतीवरचे खिळ्याचे भोक किंवा जुनाट चुना ही वापराची झीज असते, तिचा खर्च वारसांवर येत नाही. फुटलेले बेसिन मात्र भरून द्यावे लागते. खोली रिकामी झाल्यावर काढलेले चार फोटो इथे कामी येतात. थकबाकी अनामतीपेक्षा जास्त असली तरी वारसांना मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच देणी द्यावी लागतात. स्वतःच्या खिशातून भरण्याचे बंधन नाही. घाबरलेल्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

अनामत परत देताना घरमालकाची अडचण वेगळी असते. एका मुलाला पैसे दिले आणि दुसरा वा मृताची आई दारात आली, तर काय? म्हणून पत्रावर पत्नी, मुले, मुली आणि आई हयात असल्यास आई, अशा सर्वांची सही हवी, आणि पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे तेही लिहिलेले असावे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर “किल्ली मिळाली, बाकी काही नाही” असे लिहून घरमालकाने तारखेसह सही केली की तीच पावती ठरते.