खुर्चीवरची नमाज

मशिदीतल्या शेवटच्या ओळीत भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या असतात. त्यातली एक नऊ महिने माझी होती. बाकी तिन्हींवर सत्तरीच्या पुढचे बुजुर्ग बसायचे. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो.

भरलेला गॅस सिलिंडर उचलताना माझी कंबर धरली होती. दोन आठवडे अंथरूण, मग पट्टा, गोळ्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गंभीर काही नाही, स्नायू आणि अस्थिबंध ताणलेत. असा ताण साधारण सहा ते बारा आठवड्यांत भरून येतो. माझाही आला असणार. पण चौथ्या महिन्यातही जमिनीवर पडलेली किल्ली मी मुलीला उचलायला सांगत होतो. अम्मी बजावायची, "वाकू नकोस बाबा, एकदा गेली की कंबर परत येत नाही." मलाही तेच पटत होतं.

आजाऱ्याला खुर्चीवर नमाजची सवलत आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण ती सवलत मी दुखण्यासाठी घेतोय की भीतीसाठी, हा प्रश्न मला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारायला लावला. त्यांनी आधी धोक्याची लक्षणं विचारली: पायात वाढती कमजोरी, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारणाशिवाय वजन घटणं. यातलं काहीही असेल तर पुढचा सगळा मार्ग थांबवून आधी डॉक्टरांकडे जायचं. मला यातलं काहीच नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "जखम भरली तरी पहारा उठलेला नाही." आमच्या सोसायटीत एकदा चोरी झाली, तेव्हापासून वॉचमन दूधवाल्यालाही अडवतो. मज्जासंस्थेचं तसंच होतं. साध्या हालचालीलाही ती धोका समजून वेदना उभी करते. निरोगी माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू ढिले पडतात. दुखणाऱ्या आणि घाबरलेल्या माणसाचे अनेकदा पडत नाहीत. तो श्वास रोखून, ताठ राहून वाकतो. मग त्या ताठपणानंच दुखतं आणि वाटतं, पाहा, वाकणं घातकच आहे. वाकणं टाळलं की हा समज खोटा पडायची संधीच उरत नाही. २००० साली योहान व्लायन आणि स्टीव्हन लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी हेच चक्र नीट मांडलं होतं.

मॅडमनी माझ्याकडून भीतीची शिडी लिहून घेतली, शून्य ते शंभर गुणांची. खुर्चीत बसून बूट घालणं २०. उभ्यानं रुकू ४०. पलंगावर डोकं टेकून सजदा ५५. जमिनीवर सजदा ७०. पाण्याची भरलेली बादली ८०. सिलिंडर १००.

प्रत्येक पायरीआधी एक वाक्य लिहायचं: काय होईल असं वाटतं? सजद्याआधी मी लिहिलं, "पाच सजद्यांनंतर मला उठता येणार नाही, कुणाला तरी उचलावं लागेल." त्यावर माझा विश्वास होता ८० टक्के. पाच केले. दुखलं, दहापैकी चार. पण उठलो, स्वतःच. विश्वास ३५ वर आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी मुलीच्या खोलीत, मग मशिदीत. वेदना शून्य होण्याची वाट पाहायची नव्हती. आपलं भाकीत चुकतं, हे अंगाला कळायला हवं होतं.

एक चूक मी केली. आठवडाभर हे सगळं पट्टा बांधून आणि एक हात खुर्चीवर ठेवून करत होतो. भीती उतरेना. मॅडम म्हणाल्या, "वाचलात त्याचं श्रेय तुम्ही पट्ट्याला देताय." पट्टा काढल्यावर गुण पुन्हा चढले आणि मग खरे उतरू लागले.

दुसरी चूक घाईची. बादलीवरून थेट सिलिंडरवर गेलो आणि रात्री कंबर आखडली. जुना मी असतो तर महिनाभर पडून राहिलो असतो. धोक्याची लक्षणं तपासली, एकही नव्हतं. दोन दिवस खालच्या पायरीवर राहिलो, दुखणं ओसरलं. मग आधी पाच किलो तांदूळ, नंतर दहा, असं चढलो.

दिवसाच्या फर्ज नमाजच्या सतरा रकाती. म्हणजे सतरा वेळा रुकू, चौतीस सजदे. नऊ महिने ज्यांना टाळलं, ते एवढं वाकणं माझ्या दिवसात आधीपासूनच होतं.

थंडीत सकाळी कंबर अजून कुरकुरते. फजरला मी पहिल्या ओळीत उभा राहतो. माझ्या खुर्चीवर आता कुणीतरी जॅकेट ठेवतं.