दोन शब्दांचं वचन

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हा प्रश्न हमखास येतो : बायबलमधलं सर्वांत लहान वचन कोणतं? उत्तर पाठ असतं, योहानाच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायाचं ३५ वं वचन. इंग्रजीत दोन शब्द, 'जीझस वेप्ट'. मराठीतही दोनच, 'येशू रडला'. मुलं उत्तर देतात, गुण मिळतात आणि विषय संपतो. आज तो तिथे न संपवता थोडा पुढे नेऊ या.

आधी 'सर्वांत लहान' हेच तपासून पाहा. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. ग्रीकमध्ये या वचनात तीन शब्द आहेत, कारण तिथे येशूच्या नावाआधी 'हो' हे उपपद येतं. अक्षरं मोजली तर १६ भरतात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं, सदैव आनंदी राहा असं सांगणारं वचन (५:१६) मात्र १४ अक्षरांचं आहे. म्हणजे हा विक्रम इंग्रजी भाषांतराचा आहे, मूळ ग्रंथाचा नाही. शिवाय जुन्या हस्तलिखितांत वचनांचे क्रमांक नव्हतेच. नव्या करारातले आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. हे छोटं वाक्य 'वचन' म्हणून वेगळं झालं ते तेव्हा. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो एका सलग गोष्टीचा तुकडा होता.

ती गोष्ट अशी. यरुशलेमपासून सुमारे तीन किलोमीटरवर बेथानी नावाचं गाव होतं. तिथला लाजर आजारी पडला. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरिया, यांनी येशूला निरोप धाडला. निरोप मिळूनही तो होता तिथेच दोन दिवस थांबला. तो पोहोचला तेव्हा लाजरला गुहेतल्या कबरीत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणी वेगवेगळ्या भेटल्या, पण दोघींचं म्हणणं एकच होतं : तू इथे असतास तर भाऊ गेला नसता. यात विश्वासही आहे आणि तक्रारही!

आता शब्दांकडे या. मरिया आणि तिच्यासोबत आलेले लोक रडत होते, तिथे ग्रीकमध्ये 'क्लाइओ' हे क्रियापद आहे. मोठ्याने, आक्रोश करून रडण्यासाठी ते वापरलं जातं. दोनच वचनांनंतर येशूसाठी मात्र 'दाक्रुओ' येतं. 'दाक्रु' म्हणजे अश्रू. आपल्याकडे 'हंबरडा फोडला' आणि 'डोळ्यांतून पाणी आलं' यांत जसा फरक, तसाच काहीसा हा. हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात एकदाच आलंय, ते इथेच. 'रडला' या आपल्या एका शब्दात हा फरक दिसत नाही.

पण यावरून 'येशू मोठ्याने कधी रडलाच नाही' असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नका. लूकच्या शुभवर्तमानात यरुशलेम शहराकडे पाहून तो रडतो, तिथे 'क्लाइओ'च आहे. फरक या प्रसंगापुरता आहे.

अश्रूंच्या आधी, ३३ व्या वचनात, आणखी एक शब्द येतो, 'एंब्रिमाओमाई'. भाषांतरांत बहुधा 'व्याकूळ झाला' अशा अर्थाचे शब्द असतात. पण ग्रीकमध्ये या शब्दाला रागाची, दरडावण्याची छटा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात महागडं सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईला लोक रागावतात, तिथे हेच क्रियापद आहे. मग हा राग कुणावर? मृत्यूवर, की भोवतीच्या अविश्वासावर? अभ्यासकांचं एकमत नाही. एवढं खरं, की इथे दुःखासोबत संतापही आहे.

आता खरी अडचण. लाजरला उठवायला जातोय, हे येशूने शिष्यांना आधीच सांगितलं होतं. शेवट ठाऊक असलेला माणूस रडतो का? बघणाऱ्यांनाही नेमकं कळलं नाही. काही म्हणाले, किती प्रेम होतं त्याचं लाजरवर. काहींनी विचारलं, आंधळ्याला दृष्टी देणाऱ्याला हे मरण टाळता आलं नसतं का? योहान दोन्ही मतं नोंदवतो, पण स्वतः कारण सांगत नाही.

मला वाटतं, वर्गात इथेच थांबावं. मुलांना ३३ ते ३८ ही वचनं वाचायला द्या आणि विचारा, कोण कसं रडलं? कुणाला काय वाटलं? आणि लेखकाने काय सांगितलंच नाही? पुढच्या काही ओळींत दगड बाजूला होतो आणि लाजर बाहेर येतो. पण त्याआधी, बहिणी रडत असताना, येशूने 'रडू नका, मी आलोय ना' असं म्हटलेलं नाही. लाजरला कुठे ठेवलंय, एवढंच त्याने विचारलं. आणि मग तोही रडला.