रात्रीची वाटणी: साडेचार तासांची सलग झोप



बाळंतिणीला सगळे सांगतात, "बाळ झोपलं की तूही झोप." पण बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं. त्याला पाजून, ढेकर काढून, लंगोट बदलून पाठ टेकेपर्यंत पाऊण तास जातो. मोजायला गेलं तर झोप सहा तासांची भरते, पण ती तुकड्यातुकड्यांची असते. गाढ झोप मुख्यतः झोपेच्या पहिल्या काही तासांत येते, आणि ती सारखी मोडली की सकाळी डोकं जड राहतं.

आमचे हे पहिल्यापासून म्हणायचे, "लागेल तेव्हा उठव." पण त्यांना उठवायला आधी मलाच जागं व्हावं लागे. म्हणून आम्ही कामं न वाटता रात्रच वाटली.

आमच्याकडे जेवण सूर्यास्तापूर्वी होतं, त्याचा इथे फार उपयोग झाला. साडेसातपर्यंत स्वयंपाकघर आवरलेलं असे. साडेआठला बाळाला पाजून मी दुसऱ्या खोलीत झोपायची आणि दार लावून घ्यायची. एकाच खोलीत असलं की बाळ नुसतं कुरकुरलं तरी आईला जाग येते. एक वाजेपर्यंत बाळ बाबांचं. एकला मी पाजायला उठायची आणि हे सहापर्यंत झोपायचे. दोघांनाही साडेचार-पाच तास सलग मिळत.

मधल्या वेळेसाठी सकाळी काढलेलं दूध फ्रिजमध्ये असे. वाटी-चमचा उकळून ठेवलेला. दूध गॅसवर तापवायचं नाही, त्याची वाटी कोमट पाण्यात ठेवायची. उष्टं उरलेलं दूध पुन्हा ठेवून द्यायचं नाही.

हे आम्ही दीड महिन्यानंतर सुरू केलं. तोवर दूध नीट येऊ लागलं होतं, बाळाचं वजन वाढत होतं आणि डॉक्टरांनीही हो म्हटलं होतं. त्याआधी रात्रीचं पाजणं चुकवलं तर दूध कमी होऊ शकतं. नंतरही छाती दगडासारखी घट्ट होऊन दुखू लागली, तर एक वाजायची वाट न पाहता पाजावं किंवा दूध काढावं.

ज्याची पाळी असेल त्याने एक नियम पाळायचा: डुलकी येऊ लागली की बाळाला त्याच्या जागी उताणं ठेवायचं. बाळाला घेऊन सोफ्यावर डोळा लागणं धोक्याचं आहे.

न्याय लंगोटांच्या हिशेबाने होत नाही. सकाळी दोघांनी एकमेकांना एवढंच विचारायचं, "सलग किती तास झोप झाली?" एकाचे सतत दोनच तास येत असतील तर वेळा बदला. आणि बाळ शांत झोपलेलं, दार लावलेलं, तरीही आईला झोप येत नसेल, मन उदास राहत असेल आणि असं दोन आठवडे चाललं असेल, तर ते नुसतं जागरण नव्हे. मग वाटणी पुरत नाही, डॉक्टरांकडे जायला हवं.