जोडफोटो

सरकारी नोकर निवृत्त व्हायला आला की पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो जोडावा लागतो. ही पद्धत जुनीच. कारण सरळ आहे. पेन्शनर गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन मागायला जी व्यक्ती येईल, तिची ओळख पटावी म्हणून. अकोले गावात माझ्या स्टुडिओत असे फोटो मी वर्षानुवर्षं काढत आलोय. दोघं खांद्याला खांदा न लावता बसतात, मध्ये वीतभर अंतर. तो टोपी नीट करतो, ती पदर डोक्यावर ओढते, आणि दोघंही कॅमेऱ्याकडे असं बघतात, जणू समोर तहसीलदार बसलाय. मागे कोण राहणार, हे फोटोत कुठंच लिहिलेलं नसतं. पण बसणाऱ्यांना ते ठाऊक असतं.

गेल्या हिवाळ्यात मुंबईहून जाहिरातवाल्यांचा फोन आला. पेन्शन योजना विकणाऱ्या कंपनीसाठी खरंखुरं म्हातारं जोडपं हवं होतं. खऱ्या सुरकुत्या, चेहरे निवांत. सोबत नमुन्याला एक चित्र धाडलं होतं, त्यात आजीनं आजोबांच्या खांद्यावर डोकं टेकवलेलं. मला गुरुजी आठवले. राजूरच्या पुढे कळसूबाईकडच्या एका वाडीत ते राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. काकूंनी भाताची खाचरं सांभाळली. लोकांच्या देखत काकूही नवऱ्याला गुरुजीच म्हणतात. नमुन्याचं चित्र दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "मी नाही बाई टेकवायची. उद्या पाणवठ्यावर काय तोंड दाखवू?"

दोघांच्या सुरकुत्या वेगळ्या. गुरुजींच्या कपाळावर आडव्या रेघा आहेत, दुरेघी वहीसारख्या, आणि त्यांच्या वर टोपीनं जपलेला फिकट पट्टा. चष्म्यानं नाकाच्या दोन्ही बाजूंना खळगे पाडलेत. काकूंच्या रेघा डोळ्यांच्या कडेला जास्त. आवणीच्या दिवसांत खाचरातल्या पाण्यावरून ऊन उलटून थेट डोळ्यांत येतं, डोळे बारीक करूनच रोपं लावावी लागतात. हनुवटीवरचं गोंदणही आता एका घडीत अर्धं लपतं.

अशा चेहऱ्याचं भलंबुरं उजेडावर ठरतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडला की सगळ्या घड्या भरून निघतात आणि चेहरा ताटासारखा सपाट दिसतो. पासपोर्ट फोटोत म्हातारी माणसं ओळखू येत नाहीत, ती त्यामुळे. भर दुपारी अंगणात उभं केलं तर उलट होतं. प्रत्येक रेघेत काळी सावली बसते आणि माणूस आहे त्यापेक्षा दहा वर्षं थकलेला दिसतो. उजेड मऊ हवा आणि एका बाजूनं तिरका हवा, म्हणजे घडीचा एक उतार उजळतो, दुसरा हलकासा झाकोळतो आणि सुरकुतीला खोली येते. आम्ही पडवीत बसलो. दुपार कलली होती, ऊन खळ्यात होतं, पडवीत नुसता त्याचा उजेड. सावलीची बाजू फारच अंधारायला लागली तेव्हा गुरुजींचं धुतलेलं धोतर दोन नातवांनी ताणून धरलं. पांढऱ्या धोतरावरून परत येणारा उजेड विकतच्या पडद्याला हार जात नाही.

जोडप्याच्या फोटोत आणखी एक गोम असते. एकट्याचा चेहरा काढताना भिंगाचं तोंड पूर्ण उघडायचं आणि मागचं सगळं धूसर करायचं, याची आम्हाला सवय. पण 85 मिलिमीटरच्या भिंगानं, आठ फुटांवरून, एफ 1.8 वर जेमतेम साडेतीन-चार इंच खोलीतलं स्पष्ट येतं. एवढ्या जागेत दोघांचे डोळे बसत नाहीत. गुरुजी जरा पुढं झुकले की काकू धुक्यात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर हे कळत नाही. घरी मोठं करून पाहिल्यावर कपाळाला हात लावायची वेळ येते. म्हणून मी 5.6 वर गेलो, तेव्हा जवळजवळ फूटभर खोली मिळाली आणि दोघंही त्यात मावली. मागची भिंतही बरीच स्पष्ट आली. तिथं टांगलेली कणसांची जुडी जाहिरातवाल्यांना खटकली. मला नाही खटकली.

राहिला प्रश्न निवांत चेहऱ्याचा. "हसा" म्हटलं की ओठ हसतात, डोळे तसेच राहतात. गालाचा स्नायू आपलं ऐकतो, पण डोळ्याभोवतीचा सहसा ऐकत नाही. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1862 मध्ये हे लिहून ठेवलंय. फोटोतलं तोंड बोटानं झाकून नुसते डोळे पाहावेत, हसू खरं की मागितलेलं ते लगेच समजतं. तासभर माझे फोटो त्या बोटाखाली नापास होत होते. दोघं पुन्हा पुन्हा पेन्शनच्या फोटोसारखीच बसत होती. शेवटी मी त्यांच्यापुढे वालाच्या शेंगा ठेवायला सांगितलं. गुरुजी दाणे काढायला लागले, आणि किडका दाणा चांगल्यात टाकलेला काकूंनी पकडला. "चाळीस वर्षं पोरांच्या चुका काढल्या, हे दिसंना व्हय?" गुरुजी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायला लागले. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तो फोटो बोटाखाली पास झाला.

मुंबईहून निरोप आला, "छान आहे, थोडं क्लीन करा." यात माझा साधा हिशेब असतो. आठवड्यात जाणारं असेल ते पुसायचं. गुरुजींच्या गालावरचा डासाचा फोड काढला, काकूंच्या पदराचा सुटलेला दोरा काढला. टोपीचा पट्टा, गोंदण आणि रेघा ठेवल्या. मोबाईलमधली सौंदर्याची सोय नेमकं उलटं करते. तिला फोड आणि सुरकुती यांत फरकच कळत नाही, सगळंच घासून टाकते. पट्टा रंगवून एकसारखा करा, असा आग्रह झाला. मी म्हटलं, मग टोपी न घालणारा माणूस शोधा.

खरं तर हा फोटो म्हाताऱ्यांसाठी नव्हताच. गुरुजींना जुनी पेन्शन आहे, त्यांना काही विकत घ्यायचं नाही. पण त्यांचा मुलगाही शिक्षक आहे आणि तो 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागला. त्याच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते आणि पुढं हाती किती पडेल याची त्याला खात्री नाही. जाहिरात पाहायची आहे ती त्यानं. दाणे काढणाऱ्या आई-बापांकडे पाहून त्याला वाटायला हवं, की असं निवांत बसणं हप्त्यानं मिळतं.

संमतीपत्र इंग्रजीत आलं होतं. गुरुजींनी ते माझ्याकडून शब्दन् शब्द मराठीत सांगून घेतलं. फोटो "कायमस्वरूपी" वापरायचा हक्क कंपनीला, असं त्यात होतं. "कायम म्हणजे कुणाचं कायम?" त्यांनी लाल पेनानं शब्द खोडून वर "दोन वर्षे" लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली, की दोघांपैकी एक गेल्यास जाहिरात त्या दिवसापासून बंद. काकू शेजारीच बसून ऐकत होत्या, त्यांनी मान डोलावली. कंपनीनं दोन्ही मान्य केलं, याचं मला आजही नवल वाटतं.

मग सह्या. गुरुजींनी झरकन केली. काकूंनी पेन हातात घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि थांबल्या.

"पेन्शनच्या कागदावर केली तीच करू ना?" त्यांनी मला विचारलं. "तेवढीच बसवून घेतलीये गुरुजींनी माझ्याकडून. दुसरी येत नाही."