शिट्टी उचलू नकोस

केंदूर

चि. सोनूस,


काल फोनवर सहज बोलून गेलीस, "आत्या, उशीर होत असला की उलथन्याने शिट्टी उचलते, वाफ काढते आणि झाकण ओढते." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. वर विचारतेस, गॅस मोठा ठेवला तर कुकरमधलं पाणी आणखी तापेल ना? नाही तापणार, बाई.

आपल्या केंदूरला उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण 98 अंशांवर उकळतं. आपण समुद्रापासून सहाशेक मीटर उंचावर, हवेचा दाब कमी, म्हणून 100 सुद्धा नाही. उकळी फुटल्यावर कितीही जाळ घाल, पाणी तिथेच राहतं. जास्तीची आच वाफेबरोबर निघून जाते. आजी चुलीत लाकडं सारत डाळीपुढे बसायची, ती उगाच नाही.

कुकर ती वाफ कोंडून ठेवतो. कोंडलेल्या वाफेचा दाब पाण्यावर पडला की ते सहजी उकळत नाही, आणखी तापत जातं. बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक वातावरण जास्त दाब झाला की शिट्टीचं वजन उचललं जातं. त्या दाबाला पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. डाळ शिजते ती या वाढीव अंशांनी, दाबाने चेपून नव्हे. दाण्यातल्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन सुटणं, स्टार्च फुगणं, हे दर 10 अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतं. म्हणून तासाचं काम पंधरा मिनिटांत.

आणि वरची मर्यादा ते वजन ठरवतं, गॅस नव्हे! किती जणींना सांगून झालं, शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा. मोठ्या गॅसवर पाच शिट्ट्या भराभर होतात, डाळ मात्र बोटचेपी राहते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक कर, नुसतं फुसफुसत राहिलं तरी पुरे.

आता तुझं उलथनं. शिट्टी उचललीस की दाब एकदम उतरतो, पण पाणी अजून 120 वरच. मग ते वरून नाही, तळापासून सगळंच उसळतं. लिटरभर पाण्यातलं चाळीसेक ग्रॅम क्षणात वाफ होतं, म्हणजे सहज सत्तरेक लिटर वाफ, आणि ती डाळ घेऊनच भोकातून निघते. वहिनीच्या ओट्यावरचं छत आठवतं ना? डाळीचं साल त्याच भोकात अडकलं तर शिट्टी उचलूनही वाफ निघत नाही, तुला वाटतं कुकर निवला, आणि तू झाकण ओढतेस. तेवढ्यानेच माझ्या पोटात गोळा येतो.

गॅस बंद करून आपसूक निवू दे. झाकण सहज सरकलं नाही तर आत दाब आहे असंच समज. लावण्याआधी भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघ. आणि रबर कडक झालंय का ते आजच दाबून बघ, मला कळव.

तुझी
आत्या